टाक्याचे पाणी रात्रीतून का उतरते? भेग आणि फूटव्हॉल्व्ह यांची पारख

यवतमाळ जिल्ह्यात पुष्कळ शेतांत विहीर खाली नाल्याकाठी आणि शेत वर उतारावर अशी मांडणी असते. अशा ठिकाणी शेताच्या माथ्याजवळ जमिनीत टाके बांधून विहिरीचे पाणी प्रथम त्यात चढविण्याचा व तेथून दुसऱ्या लहान पंपाने ठिबक संचास किंवा सऱ्यांना देण्याचा प्रघात आहे. जेथे शेतीपंपांना अजून रात्रपाळीने वीज मिळते तेथे तर असे टाके असणे फारच सोयीचे पडते. वीज असेल तेव्हा टाके भरून घ्यावे आणि पाणी मात्र दिवसा, डोळ्यांदेखत द्यावे. परंतु पुष्कळ शेतकऱ्यांची तक्रार अशी असते की, रात्री काठोकाठ भरलेले टाके सकाळी चार बोटे, कधी वीतभर उतरलेले दिसते. मधल्या वेळात कोणी पाणी घेतलेले नसते. दुसरा पंपही बंद असतो.

अशा वेळी गावात दोन सल्ले हमखास मिळतात. गवंडी म्हणतो, टाक्यास भेग गेली आहे, आतून गिलावा करा. पंप दुरुस्त करणारा म्हणतो, फुटवाल गळतो आहे, तो बदला. दोघांपैकी कोणाचा सल्ला आधी कानी पडतो त्यावर खर्च कोठे व्हावा हे ठरते. खर्च करूनही पाणी उतरतच राहिले म्हणजे शेतकरी हताश होतो. वास्तविक एक फूटपट्टी, एक खिळा आणि दोन रात्री एवढ्या साधनांवर ह्या प्रश्नाचा निकाल लावता येतो. मात्र त्यापूर्वी फूटव्हॉल्व्ह गळला असता पाणी कोठून कोठे जाते, हे नीट समजून घेतले पाहिजे. बहुतेक घोटाळा तेथेच होतो.

फूटव्हॉल्व्ह म्हणजे सक्शन पाइपाच्या तळाशी बसविलेली एकेरी झडप होय. पंप चालू असता ती वर उचलली जाते व पाणी आत येते. पंप बंद झाला की ती खाली बसते आणि पाइपातील पाणी परत उतरू देत नाही. त्यामुळे पाइप व पंप भरलेले राहतात आणि दुसऱ्या दिवशी पंपात पाणी न ओतता तो सुरू करता येतो. झडपेचे चामडे किंवा रबर झिजले, अथवा तिच्याखाली वाळूचा कण किंवा काडी अडकली, की पाणी थेंबाथेंबाने अगर बारीक धारेने खाली उतरू लागते.

वर सांगितलेल्या मांडणीत फूटव्हॉल्व्ह दोन असतात. एक विहिरीतील पंपाचा आणि दुसरा टाक्यातील पंपाचा. टाक्यातील पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळला तर पाइपातील पाणी टाक्यातच परत पडते. तेव्हा टाक्याची पातळी उतरण्याचे त्यास काहीच कारण नाही, उलट ती केसभर वाढेल. ६३ मिलिमीटर व्यासाचा तीन मीटर लांब पाइप घेतला तर त्यात जेमतेम नऊ लिटर पाणी मावते. बारा चौरस मीटर क्षेत्राच्या टाक्यात एवढे पाणी पडून पातळी एक मिलिमीटरही चढत नाही. त्याच टाक्यातून पाणी उंचावरील टाकीत चढविले जात असेल तर वरच्या टाकीतले पाणी खाली येऊन टाक्यात साठेल, म्हणजे वरची टाकी रिकामी होईल व टाके भरेल. हा फूटव्हॉल्व्ह बिघडल्याची खूण निराळी आहे. सकाळी पंप नुसताच घरघरतो, पाणी उचलत नाही, आणि त्यात वरून पाणी ओतावे लागते. तेव्हा टाके उतरते म्हणून टाक्यातला फूटव्हॉल्व्ह बदलणे हा खर्च वाया जातो.

टाके रिकामे करू शकतो तो विहिरीतला फूटव्हॉल्व्ह, आणि तोही एका विशिष्ट स्थितीत. विहिरीवरून आलेला भरणीचा पाइप टाक्याच्या काठावरून आत वळवून त्याचे तोंड पाण्यात बुडवून ठेवलेले असेल, तर पंप बंद झाल्यावर तो सगळा पाइप टाक्यापासून विहिरीपर्यंत पाण्याने भरलेला राहतो. विहिरीतील झडप गळू लागली की पाइपातील पाणी खाली सरकते. त्याच्या मागोमाग टाक्यातील पाणी काठावरून वर चढून पाइपात येते व विहिरीकडे वाहू लागते. हीच वक्रनळी, म्हणजे सायफन. पिंपातून रॉकेल काढताना नळी एकदा तोंडाने ओढली की पुढे ते आपोआप वाहते, त्यातलाच हा प्रकार. येथे ओढण्याचे काम गळक्या झडपेने केलेले असते. मधला पंप बंद असला तरी तो वाट अडवीत नाही, कारण त्याच्या पंख्यातून पाणी उलट दिशेने सहज जाऊ शकते. विहिरीत पाणबुडी पंप असेल तर त्यास फूटव्हॉल्व्ह नसतो, परंतु पंपाच्या वरच्या तोंडाशी तशीच एकेरी झडप असते. ती बिघडली तरी हाच परिणाम होतो.

पाइपाचे तोंड पाण्याच्या वर असेल तर मात्र टाक्याचे पाणी मुळीच परत जात नाही. झडप गळली तरी फक्त पाइप रिकामा होतो. ७५ मिलिमीटर व्यासाच्या साठ मीटर लांब पाइपात सुमारे २६५ लिटर पाणी असते. तेवढेच विहिरीत परत जाते आणि गळती तेथेच थांबते. तोंड पाण्यात बुडविण्याची पद्धत पाणी उडू नये व धारेने तळ उखडू नये म्हणून पडली आहे. हेतू चांगला, पण टाके विहिरीशी जोडले जाते ते ह्याच एका कारणाने.

आता मोजणीकडे वळू. पहिली गोष्ट अशी की पंपास ‘ऑटो’ लावलेला असल्यास तो परीक्षेच्या रात्रींपुरता काढून ठेवावा. मध्यरात्री वीज येऊन पंप आपोआप सुरू झाला तर टाके पुन्हा भरते आणि सारी मोजणी फसते. कित्येक टाक्यांची गळती महिनोन्‌महिने लक्षात येत नाही ती ह्या ऑटोमुळेच. रात्री गेलेले पाणी रात्रीच भरून निघते, आणि शेतकऱ्यास विहीर लवकर का आटते ह्याचे मात्र कोडे पडते.

टाके भरून सर्व पंप बंद झाल्यावर पाणी स्थिर होऊ द्यावे. एका लाकडी पट्टीच्या खालच्या टोकास खिळा ठोकून, खिळ्याचे टोक नेमके पाण्यास टेकेल अशा रीतीने ती पट्टी टाक्याच्या काठास पक्की बांधावी. सकाळी खिळ्याच्या टोकापासून पाण्यापर्यंतचे अंतर फूटपट्टीने मोजावे. भिंतीवर खडूने ओढलेली रेघ ओलीने फुगते व पुसते, खिळा मात्र मिलिमीटरचाही फरक दाखवितो. किती वाजता मोजले तेही लिहून ठेवावे. टाके उघडे असेल तर जवळच एक बादली काठापासून थोडी कमी भरून ठेवावी व तिच्यातील पाणीही त्याच वेळी मोजावे. यवतमाळच्या मे महिन्यात उघड्या पाण्याची वाफ दिवसाकाठी एक ते दीड सेंटीमीटर होऊ शकते, परंतु ती बहुतांशी दिवसाच्या उन्हात होते. झाकलेल्या टाक्यात, तेही रात्री, वाफेचा विचार करण्याचे कारण नाही. टाके नवे असेल तर मात्र थोडे थांबावे. कोरडे काँक्रीट आणि गिलावा पहिले काही दिवस पाणी पितात. भारतीय मानक ३३७० मध्येही पाणी भरून सात दिवस गेल्यावरच पातळीची नोंद सुरू करावी व पुढे सात दिवस दर चोवीस तासांनी ती घ्यावी, असे सांगितले आहे ते ह्याचसाठी.

पुढील सर्व परीक्षेचे तत्त्व एकच आहे. एका रात्री एकच बदल करावयाचा. दोन बदल एकदम केले तर कोणत्या बदलाने पाणी थांबले हे कळत नाही.

उदाहरणादाखल दारव्हा तालुक्यातील उतारावरच्या एखाद्या शेतातील टाके डोळ्यांसमोर आणू. टाके आतून चार मीटर लांब, तीन मीटर रुंद व दोन मीटर खोल आहे. म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग बारा चौरस मीटर झाला, आणि पातळी एक सेंटीमीटर उतरली की १२० लिटर पाणी गेले असे समजावयाचे. हा आकडा प्रत्येकाने आपल्या टाक्यासाठी एकदा काढून ठेवावा. मीटरमधील लांबीस रुंदीने गुणून त्यास पुन्हा दहाने गुणले की तो मिळतो. टाके काठाखाली दहा सेंटीमीटरपर्यंत भरले जाते. विहिरीवरून येणारा पाइप काठावरून आत वळून भरलेल्या पाण्याच्या पातळीखाली साठ सेंटीमीटरपर्यंत बुडालेला आहे. दुसऱ्या पंपाचा सक्शन पाइप टाक्याच्या भिंतीतून आरपार घेतलेला आहे.

पहिल्या रात्री काहीही न बदलता मोजले. रात्री आठपासून सकाळी सहापर्यंत पाणी बारा सेंटीमीटर उतरले. म्हणजे दहा तासांत १,४४० लिटर गेले.

दुसऱ्या दिवशी टाके पुन्हा त्याच पातळीपर्यंत भरले. पंप बंद होताच आतल्या पाइपाचा शेवटचा तुकडा काढून त्याचे तोंड पाण्याच्या वर आणले. बाकी सारे जसेच्या तसे ठेवले. सकाळी पाणी पाच सेंटीमीटर उतरलेले आढळले, म्हणजे ६०० लिटर.

ह्या दोन आकड्यांतच उत्तर आहे. तोंड वर काढल्यावर पाणी उतरणे अजिबात थांबले असते तर सारा दोष विहिरीतील झडपेचा ठरला असता. बारा सेंटीमीटर कायम राहिले असते तर झडप निर्दोष ठरून टाकेच गळते असे म्हणता आले असते. येथे दोन्ही दोष आहेत. ढोबळमानाने सात सेंटीमीटर, म्हणजे ८४० लिटर, झडपेवाटे विहिरीत परत जातात. मिनिटाला हे सुमारे १.४ लिटर झाले. उरलेले ६०० लिटर, म्हणजे मिनिटाला एक लिटर, टाक्यातून जमिनीत मुरतात. विहिरीत परत गेलेले पाणी नाहीसे होत नाही, ते चढविण्याची वीज तेवढी वाया जाते. जमिनीत मुरलेले पाणी मात्र त्या हंगामापुरते हातचे गेले. तेव्हा आकडा लहान असला तरी दुरुस्तीत भेगेचा नंबर पहिला लावावा.

अशा टाक्याच्या धन्याने केवळ फूटव्हॉल्व्ह बदलला असता तर सकाळी पाणी पाच सेंटीमीटर उतरलेले दिसले असते, आणि नवा फूटव्हॉल्व्हही वाईट निघाला असा त्याचा ग्रह झाला असता. केवळ गिलावा केला असता तर सात सेंटीमीटर उतार राहून गवंड्यास दोष आला असता.

मांडणीत आणखी एक वाट तपासून घ्यावी लागते. भिजवावयाचे शेत टाक्यापेक्षा खालच्या अंगास असेल तर टाक्यातील पंप बंद केल्यावरही पाणी त्याच पंपातून पुढे उताराकडे वाहत राहू शकते. ही सुद्धा वक्रनळीच, पण ती सरळ दिशेची. फूटव्हॉल्व्ह पाण्यास त्या दिशेने अडवीतच नाही, तो नवा असो वा जुना. ठिबकाची मुख्य वाहिनी कोठे फुटली असेल किंवा शेवटचे बूच सैल असेल तर टाके तेथून रिकामे होते. त्यासाठी पंपापुढचा गेटव्हॉल्व्ह रात्री घट्ट बंद करून मोजावे. वरील उदाहरणात तो दोन्ही रात्री बंद होता असे धरले आहे.

भेग आहे एवढे कळले, पण कोठे आहे हे शोधण्यास टाके लगेच उपसू नये. पाण्यास स्वतःच ती जागा दाखवू द्यावी. पाइपाचे तोंड वर ठेवून टाके तसेच सोडावे आणि पाणी कोठे थांबते ते पाहावे. वरच्या टाक्यात चोवीस तासांनी एकूण उतार अकरा सेंटीमीटर, अठ्ठेचाळीस तासांनी साडेअठरा, बहात्तर तासांनी तेवीस, आणि चौथ्या दिवसाअखेर चोवीस सेंटीमीटर भरला. त्यानंतर पाणी हलले नाही. पहिल्या दिवशी अकरा सेंटीमीटर उतरलेले पाणी तिसऱ्या दिवशी जेमतेम साडेचार उतरले, ह्याचे कारण उघड आहे. भेगेवर जितके पाणी उभे तितका तिच्यावर दाब. पाणी भेगेजवळ येते तसा दाब कमी होतो व गळती मंदावते. जेथे पाणी थांबले तेथे भेगेचा सर्वांत खालचा बिंदू असतो. त्याखालची भिंत आणि तळ शाबूत आहेत हेही त्याच वेळी सिद्ध होते. तळ फोडून नवा करण्याचा मोठा खर्च येथेच टळतो.

वक्रनळीने जाणाऱ्या पाण्याची चाल ह्याहून वेगळी असते. टाक्यातील पाणी आणि विहिरीतील पाणी यांत आठदहा मीटरांचे अंतर असते, त्यामुळे टाक्यात वीतभर पाणी कमी झाले तरी त्या ओढीत फारसा फरक पडत नाही. पाणी जवळजवळ एकसारख्या गतीने उतरते आणि पाइपाचे तोंड उघडे पडताच हवा आत शिरून एकदम थांबते. ज्यांना पाइप काढून पाहणे जमत नाही त्यांनी एवढेच पाहावे. पाणी दर दिवशी सारखे उतरून नेमके पाइपाच्या तोंडाशी थांबले तर दोष विहिरीत, आणि मंदावत मंदावत दुसऱ्याच कोठल्या पातळीवर थांबले तर दोष टाक्यात. पाणी थेट तळापर्यंत गेले तर भिंत व तळ यांच्या सांध्यात किंवा तळातच भेग आहे असे समजावे.

पाणी थांबले की त्या रेषेने चारही भिंती काठावरूनच विजेरीच्या उजेडात न्याहाळाव्यात. सर्वप्रथम पाहावयाची जागा म्हणजे पाइप भिंतीतून जातो ते भोक. पीव्हीसी पाइपाची पाठ गुळगुळीत असते, सिमेंट तिला धरत नाही, आणि पंपाच्या हादऱ्याने भोवतालचा गिलावा सुटतो. त्यानंतर कोपरे पाहावेत. वरील उदाहरणात चोवीस सेंटीमीटरची रेषा सक्शन पाइपाच्या भोकाच्या खालच्या कडेशी जुळली. खात्री करून घ्यावयाची तर पाणी त्या जागेच्या तीनचार बोटे वर येईल एवढे पुन्हा भरावे, ते स्थिर होऊ द्यावे, आणि विहिरीत टाकतात त्या लाल औषधाचे, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचे, गडद द्रावण पिचकारीने भेगेजवळ हळूच सोडावे. गळती असेल तर रंगाची रेघ पसरण्याऐवजी दोऱ्यासारखी भिंतीत ओढली जाते. पाणी हलत असता ही परीक्षा करू नये. बाहेरच्या बाजूस, भर उन्हाळ्यात टाक्यालगत एका ठिकाणीच हिरवे गवत दिसत असेल तर ते गवतही साक्षीस घ्यावे.

ह्या जिल्ह्यात भेगा पडण्याचे मोठे कारण जमिनीतच आहे. काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात गाडलेल्या भिंतीस ती पावसाळ्यात बाहेरून रेटते आणि उन्हाळ्यात तिचा आधार सोडते. भिंतीस बाहेरून आधार नाही आणि आतून पाण्याचा पूर्ण दाब आहे, अशी स्थिती नेमकी एप्रिल-मे महिन्यांत येते. म्हणून जुनी टाकी बहुधा उन्हाळ्यातच गळू लागतात. उथळ मुरमावर बसविलेली टाकी त्या मानाने टिकतात.

टाक्यात उतरण्यापूर्वी दोन गोष्टी चुकवू नयेत. विहिरीवरील व टाक्यावरील दोन्ही पंपांचे फ्यूज काढून ते उतरणाऱ्याच्या खिशात ठेवावेत, नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही. दुसरे असे की झाकलेल्या टाक्यात प्राणवायू कमी झालेला व कुजलेल्या गाळाचे विषारी वायू साठलेले असू शकतात. अशा टाक्यांत उतरून माणसे दगावल्याच्या घटना वारंवार घडतात, आणि पुष्कळदा दुसरा बळी पहिल्यास वाचविण्यास उतरलेल्याचाच जातो. जळता कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत अपुरी आहे, कारण काही विषारी वायूंत कंदील विझत नाही. सर्व झाकणे आदल्या दिवसापासून उघडी ठेवावीत, शक्य तर पंख्याने हवा आत सोडावी, उतरणाऱ्याच्या कमरेस दोर बांधावा व बाहेर दोन माणसे उभी ठेवावीत. तेलाचे इंजिन टाक्यात उतरवून कधीही चालवू नये. वरच्या उदाहरणासारखी भेग काठापासून हातभर खोलीवर असेल तर पाणी त्याखाली आणून काठावरूनच काम करता येते, मग आत उतरण्याचा प्रश्नच राहत नाही.

पाइपाच्या भोकाभोवतीचा सुटलेला गिलावा दोन ते अडीच सेंटीमीटर खोल खोदून काढावा. पीव्हीसी पाइपाच्या तेवढ्या भागास पाइप जोडण्याचे सोल्युशन लावून त्यावर लगेच कोरडी वाळू भुरभुरावी. ती वाळल्यावर पाठ खरखरीत होते व सिमेंट धरते. खाच धुऊन ओली करावी आणि एक भाग सिमेंट व दोन भाग चाळलेली वाळू यांचा घट्ट माल, त्यात पाणीरोधक द्रव्य मिसळून, ठोकून भरावा. सात दिवस तो ओला ठेवावा. भिंतीतील उभी भेग असेल तर तोंडाशी अरुंद व आत रुंद अशी खाच घ्यावी, म्हणजे भरलेला माल निसटत नाही. परंतु जी भेग दर उन्हाळ्यात उघडते व पावसाळ्यात मिटते ती सिमेंटने भरून उपयोग नाही. पुढच्या वर्षी ती त्याच जागी फुटते. अशा भेगेत रबरासारखा ताणला जाणारा सीलंट भरावा, आणि बाहेरच्या बाजूची काळी माती फूटभर रुंदीत काढून तेथे मुरूम दाबून भरावा.

विहिरीतील फूटव्हॉल्व्ह वर काढल्यावर तो लगेच फेकून देऊ नये. जाळी धुवावी, झडप उघडून बैठकीवर वाळू किंवा काडी आहे का ते पाहावे. चामडे अगर रबर कडक होऊन त्यावर चर पडला असेल तर तेवढेच बदलावे. दुरुस्त केलेला फूटव्हॉल्व्ह पाइपाच्या एक मीटर तुकड्यास लावून उभा धरावा व तुकडा पाण्याने भरावा. पाव तासात पाणी उतरले नाही तर तो चांगला. येथे पाणी उतरत नाही, पण विहिरीत बसविल्यावर उतरते, तर सक्शन पाइपाचा एखादा सांधा गळतो असे समजावे. विहिरीच्या तळापासून फूटव्हॉल्व्ह निदान दीड फूट वर ठेवावा. गाळात टेकलेली झडप महिन्याभरात पुन्हा गळते.

झडप दुरुस्त झाली तरी पाइपाचे तोंड पुन्हा पाण्यात बुडवू नये. ते काठाजवळ पाण्याच्या वर ठेवावे आणि धार पडते तेथे तळाशी एक फरशी टाकावी. तोंड बुडविणे अगदीच आवश्यक असेल तर पाइपाच्या सर्वांत उंच वळणावर, टाक्याच्या आतील बाजूस, पाच-सहा मिलिमीटरचे एक भोक पाडावे. पंप चालू असता त्यातून बारीक धार टाक्यातच पडते, पंप बंद होताच त्यातून हवा शिरून वक्रनळी तुटते. झडप पूर्ण निकामी झाली असेल तर एवढ्या लहान भोकातून येणारी हवा पुरत नाही, ही त्याची मर्यादा होय.

दुरुस्तीनंतर खिळ्याची पट्टी पुन्हा बांधून पूर्वीच्याच वेळी, पूर्वीच्याच पातळीपासून एक रात्र मोजावे. त्यानंतर ऑगस्टमध्ये आणखी एकदा मोजावे आणि त्या वेळी पाणी चढते का तेही पाहावे. भोवतालची जमीन पाण्याने तुडुंब भरली असता जुनी भेग पाणी बाहेर सोडण्याऐवजी आत घेते. टाके केवळ ओलितासाठी असेल तर त्याने बिघडत नाही. परंतु त्यातील पाणी माणसे किंवा जनावरे पीत असतील तर गोठ्याचे व शेतातले मैलपाणी ह्याच वाटेने आत येते, आणि अशा टाक्याचे पाणी भेग बुजेपर्यंत उकळल्याखेरीज पिऊ नये. ऑगस्टमधील ह्या तपासणीसाठी टाके पूर्ण रिकामे करू नये. बाहेरून पाण्याचा दाब असता रिकाम्या टाक्याचा तळ उचलला जाऊन फुटतो. निदान अर्धे पाणी आत ठेवून, तेवढ्याच पातळीवर खिळा बांधून मोजावे.